फॅलँक्स आणि लीजन : दोन्ही कशा लढायच्या आणि शेवटी लीजन का टिकली, पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

ग्रीक-रोमन लढायांबद्दल वाचायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न पडतो, की फॅलँक्ससारखी भाल्यांची एवढी भिंत समोर असताना तलवारवाले रोमन जिंकले तरी कसे. आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एका ओळीत मिळतं, "लीजन लवचिक होती". लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी. बरोबर आहे ते, पण लवचिक म्हणजे नक्की काय, किती फुटांत, कुणाच्या हुकमाने, हे कोणी सांगत नाही. म्हणून इथे मी एकच लढाई धरून जातो, इसवी सनापूर्वी १९७ मधली किनोस्केफालेची, आणि तिच्यापर्यंत पोचायला जेवढं लागतं तेवढंच आधी सांगतो. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, मध्ये एक आकृती काढायची आहे.

आधी ठरवा, कुठली फॅलँक्स

नवीन माणसाचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. फॅलँक्स म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते गोल मोठी ढाल आणि सात-आठ फुटी भाला घेतलेले अथेन्स-स्पार्टाचे लोक, बहुतेक वेळा आठ रांगा खोल. ती जुनी फॅलँक्स. रोमनांनी पूर्वेत जिच्याशी झुंज घेतली ती ही नव्हेच. ती होती मॅसिडोनियाची, अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप याने बसवलेली, आणि तिच्यात भाला झाला होता सारिसा, म्हणजे साधारण २१ फूट लांब, दोन्ही हातांनी धरायचा. दोन्ही हात अडकले म्हणून ढाल लहान झाली आणि पट्ट्याने गळ्या-खांद्यात अडकवली गेली. खोली झाली १६ रांगांची.

२१ फूट म्हणजे किती हे कळायला मांडववाल्याकडचा वीस फुटी बांबू एकदा आडवा धरून बघा, मागचं टोक काखेपाशी घेऊन. पुढचं टोक वर-खाली डुलायला लागतं, आणि वळायचं म्हटलं तर आजूबाजूला जो कोणी उभा आहे त्याला आधी बाजूला व्हावं लागतं. हे एवढं जरी अंगाने समजलं ना, तरी पुढचा अर्धा लेख आपोआप समजतो.

मग एका माणसाची जागा मोजा

हे गणित पॉलिबियसचं आहे. पॉलिबियस म्हणजे स्वतः ग्रीक, घोडदळाचा अधिकारी राहिलेला, नंतर ओलीस म्हणून रोममध्ये १७ वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे त्याला दोन्ही बाजू आतून माहीत होत्या आणि त्याने हीच तुलना मुद्दाम लिहून ठेवली आहे.

तो म्हणतो, फॅलँक्समध्ये लढताना एका माणसाला ३ फूट जागा मिळते. २१ फुटातले साधारण ६ फूट हातात आणि मागे जातात, तोल सांभाळायला, म्हणजे पहिल्या रांगेतल्या माणसाच्या पुढे १५ फूट भाला उरतो. त्याच्या मागचा माणूस ३ फूट मागे, त्याचा भाला पहिल्या रांगेच्या पुढे १२ फूट. मग ९, मग ६, मग पाचव्या रांगेचा ३ फूट. म्हणजे पहिल्या रांगेतल्या प्रत्येक माणसाच्या पुढे एकामागे एक अशी पाच टोकं. सहाव्या रांगेपासून मागचे लोक भाले तिरके वर धरून ठेवतात, वरून येणारे बाण आणि भाले त्यांना आपटून खाली पडतात, आणि अंगाच्या वजनाने पुढच्यांना ढकलत राहतात, म्हणजे पुढच्याला मागे वळायची सोयच नाही.

आता रोमन माणूस. त्याच्या हातात मोठी लांबट ढाल, सुमारे चार फूट उंच, आणि भोसकायला-कापायला दोन्हीला चालणारी आखूड तलवार, ग्लॅडियस. ढाल प्रत्येक वाराकडे फिरवायची, तलवार चालवायची, यासाठी त्याला स्वतःच्या ३ फुटांशिवाय आणखी ३ फूट मोकळे लागतात. म्हणजे एका रोमनाच्या समोर फॅलँक्सचे दोन माणूस येतात, आणि प्रत्येकाची पाच टोकं धरली तर एका रोमनासमोर दहा टोकं. एवढी टोकं एकट्याने तोडणं शक्य नाही, आणि मागचा रोमन त्याला काही मदत करू शकत नाही कारण त्याची तलवार तिथपर्यंत पोचतच नाही.

म्हणून ही गोष्ट पक्की करून घ्या, की सपाट जमिनीवर, समोरासमोर, रांग शाबूत असेल तर लीजन फॅलँक्सला अडवू शकत नव्हती. पॉलिबियसही हे स्वच्छ मान्य करतो. रोमनांची तलवार भारी होती म्हणून ते जिंकले असं कुठे वाचलंत तर तो लेखक हे दहा टोकांचं गणित विसरलेला आहे असं समजा.

आता लीजन कशी बनते ते बघा

त्या काळच्या एका लीजनमध्ये साधारण ४२०० पायदळ. त्यातले १२०० हलके, तरुण, भालेफेके, ते लढाईच्या आधी पुढे जाऊन छेडछाड करायचे आणि मागे यायचे. बाकीचे तीन ओळींत. पहिल्या ओळीत जरा कमी वयाचे, दुसऱ्या ओळीत भर वयातले, तिसऱ्या ओळीत जुनेजाणते, त्यांना त्रिआरी म्हणत. प्रत्येक ओळ १० तुकड्यांची. या तुकडीला म्हणतात मॅनिपल, पहिल्या दोन ओळींत एका मॅनिपलमध्ये १२० माणसं, त्रिआरींमध्ये ६०.

या मॅनिपलांच्या मध्ये मोकळी जागा सोडलेली असायची आणि मागच्या ओळीची मॅनिपल त्या मोकळ्या जागेच्या मागे यायची, बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या घरांसारखं. भिडताना ही जागा तशीच उघडी राहायची का भरून काढायचे यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे, पण चालताना आणि वळताना तिचा फायदा काय ते अगदी सरळ आहे. झाड आलं, खड्डा आला, तर एक मॅनिपल थोडी सरकते, शेजारच्या मॅनिपलला त्याचा धक्का लागत नाही. फॅलँक्समध्ये तेच झाड रांगेत भोक पाडतं.

पहिल्या दोन ओळींच्या प्रत्येक माणसाकडे फेकायचे दोन जड भाले, पिलुम. आधी ते फेकायचे, मग तलवार. पहिली ओळ थकली तर मागे येते, दुसरी पुढे जाते. "गोष्ट त्रिआरींपर्यंत आली" अशी लॅटिनमध्ये म्हणच आहे, म्हणजे आता अगदी गळ्याशी आलं.

पण मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. प्रत्येक मॅनिपलला दोन सेंच्युरिअन असायचे, आणि मॅनिपलचं स्वतःचं निशाण असायचं. म्हणजे १२० माणसांना "इकडे वळा" म्हणणारा माणूस त्यांच्यातच उभा आहे, आणि ती १२० माणसं वळली तरी बाकीची लीजन मोडत नाही. फॅलँक्समध्ये पण २५६-२५६ माणसांचे चौकोन होते, त्यांचेही अधिकारी होते, पण त्यातला एक चौकोन एकटाच वळला तर शेजाऱ्याची बाजू उघडी पडते, म्हणून तो वळायचा नाही. शिवाय राखीव म्हणून मागे ठेवायलाही त्यांच्याकडे फारसं काही नसायचं, सगळं वजन एकाच ओळीत लावलेलं.

जमीन बघायला शिका

कुठल्याही लढाईबद्दल वाचताना नकाशावर आधी उंचसखलपणा बघा. फॅलँक्सला सपाट मैदान लागतं, मध्ये चर नको, ओढा नको, झाडी नको, टेकाड नको. पॉलिबियस म्हणतो असं मैदान वीस स्टेडियाचं, म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या आसपास, मिळणं जवळपास अशक्य, आणि मिळालं तरी शत्रू तिथे यायलाच तयार नसेल तर? तो बाजूने जाऊन तुमची गावं जाळेल, धान्य अडवेल, आणि तुम्ही मैदानात भाले धरून उभे.

आणि दुसरी एक गोष्ट, ही जरा बारीक आहे पण सगळा निकाल इथेच लागतो. समजा फॅलँक्स जिंकतेय. ती समोरच्याला ढकलत पुढे जाते. पण पूर्ण रांग सारख्याच वेगाने पुढे जात नाही, कुठे शत्रू लवकर मागे हटतो कुठे थोडा टिकतो, त्यामुळे जिंकतानाच तिच्यात फटी पडतात, आणि जिथून ती पुढे गेली तिथे तिच्या बाजूला आणि पाठीला मोकळी जागा तयार होते. रोमनांनी आपलं सगळं सैन्य एकदम लावलेलं नसतं, त्यामुळे मागे राहिलेल्या तुकड्या त्या मोकळ्या जागेत शिरतात. म्हणजे फॅलँक्स हरली तरी तुटते आणि जिंकली तरी तुटते. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो होतो.

आता किनोस्केफाले, पेन्सिल घ्या

जागा थेसाली, उत्तर ग्रीस. किनोस्केफाले म्हणजे "कुत्र्यांची डोकी", तिथल्या टेकड्यांचं नाव. एका बाजूला मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप, त्याच्याकडे सुमारे १६,००० फॅलँक्सचे आणि बाकी धरून साधारण २५,००० माणसं. ही भरती करताना त्याला १६ वर्षांची पोरं आणि निवृत्त झालेले जुने सैनिक गोळा करावे लागले होते, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. दुसऱ्या बाजूला रोमन सेनापती फ्लामिनिनस, जेमतेम तिशीचा, सैन्य जवळपास तेवढंच, त्यात ग्रीसमधल्याच एटोलियाचे काही हजार लोक रोमनांच्या बाजूने.

कागदावर मध्ये एक आडवी टेकड्यांची रांग काढा. वर फिलिप, खाली रोमन. दोन्ही सैन्यं दोन दिवस या टेकड्यांच्या दोन अंगांनी समांतर चालत होती आणि दोघांनाही दुसरा कुठे आहे याचा पत्ता नव्हता. रात्री गडगडाटासह पाऊस झाला आणि सकाळी असं धुकं की पावलापुढचं दिसेना. फिलिपने टेकडीवर एक तुकडी पाठवली, आणि आपले बरेच लोक चारा गोळा करायला सोडले. फ्लामिनिनसचे टेहळणीवाले त्याच टेकडीवर गेले आणि धुक्यात दोघे एकमेकांवर आदळले.

मग दोन्हीकडून कुमक वाढत गेली. आधी रोमन मागे हटले, मग एटोलियन घोडदळाच्या जोरावर टिकले. फिलिपला टेकडीवरून निरोपावर निरोप, महाराज शत्रू पळतोय, संधी घालवू नका. त्याला ती जमीन आवडलेली नव्हती, तो मनाविरुद्ध निघाला, आणि इथे ती चूक झाली जी तुम्ही आता स्वतःच ओळखाल.

फॅलँक्सचा उजवा अर्धा भाग स्वतः फिलिप घेऊन वर चढला. डावा अर्धा भाग निकानोर नावाच्या सरदाराकडे, तो मागून येतोय, अजून रस्त्यावर, चालण्याच्या रांगेत. कागदावर फिलिपच्या उजव्या अर्ध्याला टेकडीच्या माथ्यावर एक जाड पट्टी काढा आणि डाव्या अर्ध्याला एक लांब तुटक रेघ.

माथ्यावरून फिलिपने खोली दुप्पट केली, उजवीकडे दाटी केली, आणि भाले खाली करून उतारावर सोडलं. समोर होता रोमनांचा डावा भाग. आणि व्हायचं तेच झालं, दहा टोकांचं गणित खरं ठरलं, रोमन डावी बाजू ढकलली जाऊन खाली खाली सरकायला लागली. जाड पट्टीपासून खाली बाण काढा.

फ्लामिनिनसने काय करावं? नवीन वाचक म्हणतो, डावीकडे मदत पाठवावी. त्याने नाही पाठवली. त्याने ओळखलं की तिथे माणसं ओतून उपयोग नाही, आणि तो स्वतः उजव्या बाजूला गेला, पुढे हत्ती घातले, मागे लीजन, आणि निकानोरच्या त्या तुटक रेघेवर चाल केली. ती माणसं अजून रांगेत उभीच राहिली नव्हती, कोणी चढतोय, कोणी येऊन थांबलाय, हुकूम द्यायला वर कोणी नाही. रांग न लागलेली फॅलँक्स म्हणजे लांब काठ्या हातात घेतलेला जमाव, बस. हत्ती समोर आल्यावर ती भिडण्याआधीच पळाली.

आता कागद बघा. रोमन उजवी बाजू जिंकून टेकडीच्या वर पोचली आहे, फिलिपची उजवी बाजू जिंकून खाली उतरली आहे. दोघेही जिंकतायत. आणि फिलिपची पाठ उघडी आहे, वरून.

इथे एका रोमन ट्रिब्यूनने, म्हणजे लीजनच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, त्याचं नाव पॉलिबियसने दिलेलं नाही, पळणाऱ्यांचा पाठलाग सोडला, सुमारे वीस मॅनिपल आपल्याबरोबर वळवल्या आणि फिलिपच्या उजव्या भागावर मागून उतरला. वरून हुकूम आला नव्हता, त्या माणसाने तिथल्या तिथे ठरवलं. वीस मॅनिपल म्हणजे दोन-अडीच हजार माणसं धरा, एवढीच. पण २१ फुटी भाले, ३२ रांगांची दाटी, सगळ्यांची तोंडं खाली, यातला एकही माणूस मागे वळू शकत नाही. तो बांबू आठवा. वळायचं असेल तर भाला टाकावा लागतो, आणि भाला टाकला की हातात उरते एक लहान ढाल आणि आखूड हत्यार. मागचे कापले जायला लागले तसे पुढचे भाले टाकून पळाले, आणि ज्या रोमन डाव्या बाजूला ते ढकलत होते ती पण उलटून अंगावर आली.

शेवटचा प्रसंग वाचताना मला अजून त्रास होतो. काही मॅसिडोनियन सैनिकांनी सारिसा सरळ वर उभ्या केल्या. त्यांच्याकडे तो शरण आल्याचा इशारा. रोमनांना तो माहीतच नव्हता, फ्लामिनिनसला कळलं तेव्हा तो थांबवायला निघाला पण पुढची माणसं तोवर तुटून पडली होती. पॉलिबियसच्या आकड्यांप्रमाणे फिलिपचे सुमारे ८००० मेले, ५००० पकडले गेले, रोमनांचे सुमारे ७०० गेले.

हेच दुसऱ्या लढाईला लावून बघा

आता तुमच्याकडे चार प्रश्न आहेत: जमीन कशी, रांग पूर्ण लागली होती का, फॅलँक्सच्या बाजू कोण सांभाळत होतं, आणि रोमनांकडे मागे काय शिल्लक होतं. यातला तिसरा प्रश्न लोक विसरतात. अलेक्झांडरची फॅलँक्स एकटी लढायचीच नाही, ती शत्रूला धरून ठेवायची आणि घाव घालायचं ते घोडदळ, मध्ये सांधा म्हणून चपळ पायदळ. आपल्याकडे झेलमच्या काठी पौरवाशी झालेल्या लढाईत पण घोडदळच आधी भिडलं होतं. पुढच्या राजांकडे ते घोडदळ त्या मानाने राहिलं नाही, भाले मात्र लांब झाले. त्यामुळे लीजनने हरवली ती फॅलँक्स तिच्या चांगल्या दिवसांतली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आणि चारही प्रश्नांच्या बाहेरचं एक कारण आहे, ते रणांगणावर दिसत नाही. ग्रीसकडच्या एपायरसच्या पिऱ्हस राजाने इटलीत येऊन इसवी सनापूर्वी २८० आणि २७९ मध्ये रोमनांना दोनदा हरवलं, आणि दोन्ही वेळा रोम पुन्हा सैन्य घेऊन उभं. त्याची गेलेली माणसं समुद्रापलीकडची, त्यांची जागा भरायला कोणी नाही. इसवी सनापूर्वी २२५ च्या सुमाराला रोम आणि तिच्या इटालियन मित्रांची हत्यार धरू शकणाऱ्यांची यादी पॉलिबियस देतो ती सात लाखांच्या वर पायदळाची आहे. त्या शेजारी फिलिपची ती १६ वर्षांची पोरं ठेवा. रोम हरलं तर पुढच्या वर्षी नवी लीजन, मॅसिडोनिया एकदा हरला तर एक अख्खी पिढी गेली.

सरावासाठी पुढची लढाई घ्या पिडनाची, इसवी सनापूर्वी १६८, फिलिपचा मुलगा पर्सियस विरुद्ध एमिलियस पॉलस. तिथे सुरुवातीला जमीन सपाट होती, रांग पूर्ण लागलेली होती, आणि फॅलँक्स अशी काही आली की पॉलस म्हातारपणीही सांगायचा, एवढी भयंकर गोष्ट मी दुसरी पाहिली नाही. रोमनांच्या बाजूच्या एका तुकडीने तर आपलं निशाण शत्रूत फेकलं, ते परत आणायला तरी माणसं पुढे जातील म्हणून, आणि ती माणसं भाल्यांवर गेली. रोमन मागे हटत टेकड्यांच्या पायथ्याशी आले, आणि तिथे जमीन उंचसखल झाली. रांगेत फटी दिसायला लागल्या. पॉलसने एकच हल्ला करायचा सोडून तुकड्यांना सांगितलं, आपापली फट बघा आणि आत घुसा. आत घुसल्यावर ३ फुटांच्या त्या दाटीत सारिसा कामाची नाही, मॅसिडोनियनांनी लहान सुऱ्यांनी रोमनांच्या त्या चार फुटी ढालींवर वार करत राहायचं, आणि समोरून ग्लॅडियस. सगळं तासाभरात संपलं. पहिला बाण काढा तो खाली, रोमनांच्या दिशेने, आणि मग टेकडीच्या पायथ्याशी त्या जाड पट्टीत फटी पाडायला लागा.